आजींचा डावा चॅनल

गिरणगावातल्या एका आजींची मुलाखत. वय ऐंशीच्या पुढे, लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, आणि बोलणं त्यांच्या खानावळीचं. गिरणीत कामाला असलेले, कुटुंब गावी ठेवून आलेले वीस-बावीस पुरुष त्यांच्याकडे महिन्याच्या हिशेबाने जेवत. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, पगार थांबले, तरी ताटं थांबली नाहीत. उधारी वहीत चढत गेली. मुलाखत घेणाऱ्यांनी दोन कॉलरमाइक लावले होते, एक आजींच्या पदराला आणि एक स्वतःच्या शर्टाला. रिसीव्हर स्टिरिओ मोडवर ठेवल्यामुळे आजी डाव्या चॅनलवर आणि ते स्वतः उजव्या चॅनलवर, असं एकाच फाइलमध्ये ध्वनिमुद्रण झालं होतं. माझ्याकडे काम आलं ते असं : दोन स्वच्छ ट्रॅक वेगळे करून द्या, एक आजींचा, एक प्रश्नांचा. आजींच्या ट्रॅकवरून लेखनिक मजकूर उतरवतील आणि दोन्ही ट्रॅक जोडून पुढे ऐकण्यासाठी कार्यक्रम तयार होईल.

‘वेगळे करणं’ हे काम मिनिटभराचं आहे. ‘स्वच्छ’ या शब्दाने माझे दोन आठवडे घेतले, आणि तो शब्द मी इतक्या सहज स्वीकारला याचा विचार अजून डोक्यातून जात नाही.

पहिली फाइल आली ती एमपी३, ६४ केबीपीएस. कुणीतरी मेलने पाठवता यावी म्हणून लहान केली होती. ती उघडून नुसता उजवा चॅनल ऐकला, तर आजी बोलत असताना तिथे त्यांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा, बुडबुडत ऐकू येत होता. कमी बिटरेटच्या एमपी३मध्ये बहुधा जॉइंट स्टिरिओ असतो. म्हणजे डावा आणि उजवा असे दोन चॅनल न साठवता त्यांची बेरीज आणि वजाबाकी साठवतात. संगीतात दोन्ही बाजू बऱ्याचशा सारख्या असतात, म्हणून त्यात जागा वाचते. इथे मात्र एका बाजूला आवाज आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ शांतता. बेरीज आणि वजाबाकी तंतोतंत राहिली तरच उलट गणित करताना उजवी बाजू परत रिकामी होते. जागेसाठी दोन्ही थोड्या थोड्या कापल्या की त्या एकमेकींना पूर्ण खोडत नाहीत आणि उरलेला गाळ रिकाम्या चॅनलमध्ये दिसू लागतो. खोलीतून आलेला दुसऱ्याचा आवाज आणि हा गाळ यांतला फरक कानाला कळतो. खोलीतला आवाज दूरचा, थोडा घुमणारा असतो, पण शब्द अखंड असतात. एमपी३चा गाळ मात्र बुडबुडतो, आणि स, श, च यांच्यावर तर किणकिणतो. हा दोष नंतर काढता येत नाही. म्हणून मी रेकॉर्डरच्या कार्डावरची मूळ वेव फाइल मागवली. ती १ तास ५२ मिनिटांची, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, साधारण १.९ जीबी. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवू नका, पेनड्राइव्हवर द्या, असं सांगितलं.

फाइल हातात आली की तोडण्याआधी एक गोष्ट तपासायची असते : ती खरोखर दोन चॅनलची आहे का? वायरलेस संचाचा रिसीव्हर चुकून मोनो मोडवर राहिला, तर दोन्ही माइक एकत्र होऊन तेच मिश्रण डावीकडे आणि उजवीकडे जातं. फाइल वरून स्टिरिओच दिसते. लाटांची चित्रं बघून फसायला होतं, त्यामुळे डाव्यातून उजवा वजा करून काय उरतं ते मोजलेलं बरं.

```
ffmpeg -i mulakhat.wav -af "pan=mono|c0=0.5*c0-0.5*c1,volumedetect" -f null -
```

दोन्ही बाजू एकच असतील तर वजाबाकीत काहीच उरत नाही आणि `mean_volume` उणे ९१ डेसिबलच्या आसपास येतो. तसं आलं तर काम तिथेच संपलं, कारण एकत्र झालेला आवाज तोडायला फाइलमध्ये दुसरी बाजूच नसते. काही संचांत आणखी एक सापळा असतो : उजव्या बाजूला तोच आवाज मुद्दाम काही डेसिबल खाली ठेवलेला असतो, फाटला तर हाताशी असावा म्हणून. तिथे वजाबाकीत काहीतरी उरतं आणि माणूस खूश होतो. म्हणून आकड्यानंतर एकेक बाजू बंद करून कानानेही ऐकायची. इथे सगळं ठीक होतं. डावीकडे आजी पुढे आणि मुलाखत घेणारे साहेब मागे, उजवीकडे उलट.

तोडणं ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावावरच्या मेनूतून होतं. तिथे `Split Stereo Track` आणि `Split Stereo to Mono` असे दोन पर्याय शेजारी असतात (नवीन आवृत्तीत शब्द थोडे बदलले आहेत). पहिल्याने ट्रॅक दोन होतात, पण एक पूर्ण डावीकडे आणि एक पूर्ण उजवीकडे ढकललेला राहतो, आणि ऐकणाऱ्याच्या एकाच कानात आवाज येतो. आपल्याला दुसरा पर्याय हवा. मी स्वतः कमांडने करते, कारण प्रत्येक वेळी तेच आणि तसंच होतं :

```
ffmpeg -i mulakhat.wav -filter_complex "[0:a]channelsplit=channel_layout=stereo[L][R]" -map "[L]" -c:a pcm_s24le aaji.wav -map "[R]" -c:a pcm_s24le prashna.wav
```

`pcm_s24le` दोन्हीकडे लिहिलं नाही तर फाइल मुकाट १६ बिटची होते. आजींचा आवाज मुळात इतका हळू होता की पुढे तो वर उचलायचाच होता, आणि अशा वेळी ते जास्तीचे आठ बिट फुकट घालवू नयेत. आणि मोनो हवंय म्हणून `-ac 1` लिहिणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे. त्याने एक बाजू निवडली जात नाही, दोन्ही बाजू एकमेकींत मिसळतात. दोन नावांच्या पण आतून एकसारख्या फाइली मी लोकांकडून आलेल्या पाहिल्या आहेत, आणि मूळ फाइल पुसून टाकलेली.

एक सोय मात्र अशा फाइलीत आयती मिळते. दोन्ही चॅनल एकाच यंत्राच्या एकाच घड्याळावर मुद्रित झालेले असतात, त्यामुळे दोन तासांनंतरही ते नमुन्यानमुन्याने जुळतात. दोन वेगळ्या मोबाइलवर मुलाखत घेणाऱ्यांना हे सुख नाही. पण ते टिकवायचं तर एकाच ट्रॅकमधली शांतता कापून टाकायची नाही. तोडल्यापासून शेवटपर्यंत दोन्ही फाइलींची लांबी एकच राहिली पाहिजे.

इथपर्यंत सगळं पाठ असलेलं काम. मग मी आजींचा ट्रॅक एकटा लावला, आणि त्यात प्रश्न विचारणाऱ्यांचा आवाज जवळजवळ आजींच्या आवाजाइतका मोठा होता.

एका माणसाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरणं याला आमच्याकडे ब्लीड म्हणतात. तो किती असेल हे बसण्याच्या अंतरावरून आधीच काढता येतं. छातीवरचा माइक तोंडापासून वीतभर, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटरवर असतो. हे दोघं एकाच खाटेवर शेजारी शेजारी बसले होते, त्यामुळे त्यांचं तोंड आजींच्या माइकपासून सुमारे ७० सेंटिमीटरवर. अंतर साडेतीनपट, म्हणजे त्यांचा आवाज स्वतःच्या माइकपेक्षा आजींच्या माइकमध्ये ११ डेसिबल खाली. एवढं खरं तर चालण्यासारखं असतं. पण साहेबांचा आवाज खणखणीत आणि आजींचा थकलेला. मोजला तर त्यांचा सरासरी उणे २० डेसिबल, आजींचा उणे २८. दोन्ही माइकांचा गेन एकच ठेवलेला. म्हणजे साहेबांचा आवाज आजींच्या ट्रॅकमध्ये उणे ३१वर बसलेला, आजींच्या स्वतःच्या आवाजाच्या फक्त ३ डेसिबल खाली. उलट बाजूला आजींचा आवाज साहेबांच्या ट्रॅकमध्ये उणे ३९वर, म्हणजे १९ डेसिबल खाली. त्यांचा ट्रॅक जवळपास स्वच्छ होता आणि जो ट्रॅक खरा हवा होता तोच अस्वच्छ.

गेन वाढवून हे बदललं नसतं, कारण आजींच्या माइकचा गेन वाढवला की त्यात शिरलेला साहेबांचा आवाजही तितकाच वाढतो. बदललं असतं ते अंतराने. समोरासमोर मीटरभर लांब बसायचं आणि आजींचा माइक पदराला न लावता ब्लाउजच्या गळ्याशी, हनुवटीजवळ लावायचा. १० सेंटिमीटर जवळ आला असता तरी ६ डेसिबल मिळाले असते. मुलाखतीला जाणारी माणसं प्रश्नांची यादी आठवडाभर घोटतात आणि कुठे बसायचं हे जागेवर गेल्यावर, खाट दिसेल तसं ठरवतात. अनोळखी माणसाला आजी मोकळेपणाने सांगत होत्या ते कदाचित तो शेजारी बसला म्हणूनच, हेही मला दिसतं. पण त्याची किंमत ३ डेसिबल होती.

दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवताना आणखी एक गोष्ट होते आणि ती सुरुवातीला कळत नाही. साहेबांचा आवाज स्वतःच्या माइकमध्ये आधी पोहोचतो आणि ५० सेंटिमीटर जास्त चालून आजींच्या माइकमध्ये नंतर. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे फरक साधारण दीड मिलिसेकंदाचा. तोच आवाज दीड मिलिसेकंदाच्या अंतराने दोनदा मिसळला की काही कंपनसंख्यांवर एक दुसऱ्याला खोडतो : साधारण ३४५ हर्ट्‌झवर, मग १०३५वर, १७२५वर आणि तसंच पुढे. माणूस रिकाम्या डब्यात तोंड घालून बोलतोय असं वाटतं. ११ डेसिबलचा फरक असताना हे खड्डे जेमतेम ३ डेसिबलचे, कानाला फारसे न जाणवणारे. पण आजींचा आवाज साहेबांच्या बरोबरीला आणायला त्यांचा ट्रॅक ८ डेसिबल उचलला की ब्लीडही ८ने वर येतो, फरक ३चा उरतो, आणि खड्डे दहा डेसिबलहून खोल होतात. त्यामुळे आवाज बरोबरीत आणला आणि साहेबांचाच आवाज बिघडला, असं उलटं चित्र दिसतं, आणि लोक बिघाड त्यांच्या ट्रॅकमध्ये शोधत बसतात. बिघाड आजींच्या ट्रॅकमध्ये असतो.

ट्रॅक दीड मिलिसेकंद सरकवून जुळवले तर? साहेबांचा आवाज जुळेल, आणि आजींचा तीन मिलिसेकंदांनी चुकेल, कारण त्यांचा आवाज उलट दिशेने उशिरा पोहोचतो. मग साहेबांचा ट्रॅक उशिरा करून, उलटा करून आजींच्या ट्रॅकमधून वजा करायचा? तेही करून पाहिलं. खालचे, घुमणारे स्वर थोडे कमी झाले, वरचे तसेच. माणूस बोलताना मान वळवतो, पुढे झुकतो, आणि भिंतींवरून परत आलेला आवाज प्रत्येक वेळी वेगळ्या वाटेने येतो. एका ठरावीक अंतराचं गणित त्या खोलीत दोन वाक्यंही टिकलं नाही.

नॉइज गेट वापरायचा तर तो फक्त आवाजाची उंची बघतो. अमुक पातळीखाली आलं की दार बंद. आजी आणि ब्लीड यांच्यात सरासरी ३ डेसिबल, आणि आजींच्या वाक्याचा शेवट तर नेहमीच ब्लीडच्या खाली उतरणारा. ब्लीड अडेल अशी पातळी ठेवली की ‘...वही जाळून टाकली मी’मधला ‘मी’ जाई. गेट पाच मिनिटांत बाद झाला.

मग मी ते केलं जे अशा फाइलीवर बरेच जण करतात : एका चॅनलला दुसऱ्याचा पहारेकरी बनवलं. साहेबांचा ट्रॅक स्वच्छ होता, त्यामुळे ते कधी बोलतात हे त्यावरून अचूक कळत होतं. ते बोलत असतील तेव्हाच आजींचा ट्रॅक खाली ओढायचा. ऑडॅसिटीत `Auto Duck` हेच करतो. खाली ओढायचा तो ट्रॅक निवडायचा आणि पहारेकरी ट्रॅक त्याच्या लगेच खाली ठेवायचा. पातळी उणे ३० डेसिबल ठेवली, म्हणजे उणे ३९वर आलेला आजींचा ब्लीड पहारेकऱ्याला चुकून जागा करणार नाही. ओढ उणे २४ डेसिबल. बाकी खिडकीत होतं तसंच. दहा मिनिटांत दोन्ही ट्रॅक इतके लख्ख झाले की प्रश्न आला की आजींचा ट्रॅक सपाट रेघ, उत्तर आलं की भरलेली लाट. आजींचा ट्रॅक लेखनिकाकडे गेला, दोन्ही ट्रॅक मुलाखतकाराकडे गेले.

पाच दिवसांनी मजकूर आला आणि मुलाखतकारांचा फोन आला. १ तास ७ मिनिटांच्या आसपास संपातल्या उधारीचा विषय आहे. त्यांनी विचारलं होतं, ‘मग ती उधारी नंतर फिटली असेलच?’ आणि लगेच, ‘आणि मुलांची शाळा? ती चालू राहिली?’ मजकुरात हे दोन प्रश्न एकापाठोपाठ होते आणि त्यानंतर शाळेचं उत्तर. उधारीला उत्तर नव्हतं. वाचणाऱ्याला वाटणार की फिटली असेल, म्हणून पुढे गेले. ते म्हणाले, ‘आजींनी मान हलवली होती, मला आठवतंय. काही बोलल्या का ते बघा ना.’

मी मूळ स्टिरिओ फाइल हेडफोनवर लावली. ‘असेलच’ आणि ‘आणि’ यांच्यामध्ये सेकंदाच्या सहा दशांशाएवढी जागा आहे. तिथे डाव्या कानात, अगदी स्पष्ट, ‘नाही’ आहे. पाव सेकंदाचा शब्द, उणे ३८ डेसिबलवर, सगळ्या मुलाखतीतल्या त्यांच्या सरासरी आवाजापेक्षा दहा डेसिबल खाली. त्यातला ‘ना’ मोकळ्या जागेत आणि ‘ही’ साहेबांच्या ‘आणि’च्या खाली.

तो कुठे गेला होता हे `Auto Duck`च्या खिडकीत लिहिलेलंच होतं. तिथे `Maximum pause` नावाचा आकडा असतो आणि तो न बदलता १ सेकंद असतो. बोलणारा सेकंदभराहून कमी थांबला तर पहारेकरी ते थांबणं मानतच नाही. आवाज शब्दाशब्दाला वर-खाली होऊ नये म्हणून हे बरोबरच आहे, कारण हा इफेक्ट निवेदनाखाली संगीत दाबण्यासाठी बनवला आहे. संगीताला प्रश्नाच्या फटीत काही सांगायचं नसतं. इथे आजींनी त्याच फटीत उत्तर दिलं होतं आणि ते २४ डेसिबल खाली गेलं, म्हणजे एरवीच्या पंख्याच्या आवाजाच्याही खाली. दुसरा आकडा `Outer fade down length`, अर्ध्या सेकंदाचा. तो प्रश्न सुरू होण्याच्या अर्धा सेकंद आधीपासून ट्रॅक उतरवायला लागतो. साहेब लगेच पुढचा प्रश्न विचारत त्या प्रत्येक ठिकाणी आजींच्या वाक्याचं शेपूट त्यात विरघळलं होतं. लेखनिकाने ती वाक्यं अंदाजाने पुरी केली होती, आणि त्यातली काही चुकली होती. त्याचा दोष लेखनिकाचा नाही. तासावर पैसे मिळणाऱ्या माणसाला मी एक बाजू बुजवलेली फाइल दिली होती.

मला जास्त विचारात पाडलं ते दुसऱ्याच गोष्टीने. मी मूळ, हात न लावलेला, पण आजींचा एकटा मोनो ट्रॅक लावून तीच जागा ऐकली, तर तिथेही ‘नाही’ धड कळत नव्हतं. ‘ना’सारखं काहीतरी आणि मग साहेबांचं ‘आणि’. म्हणजे इफेक्ट लावला नसता तरी नुसत्या तोडण्यानेच तो शब्द अर्धा गेला होता. स्टिरिओत तो ऐकू येतो कारण दोन्ही कान मिळून काम करतात. साहेबांचा आवाज उजव्या कानात मोठा आणि आधी येतो, आजींचा डाव्या कानात मोठा आणि आधी, आणि मेंदू त्यांना दोन वेगळ्या जागांवर बसवतो. बाजारात दहा जण बोलत असताना आपल्याला शेजारच्याचं ऐकू येतं ते ह्याचमुळे. एक बाजू काढून घेतली की दोन्ही आवाज एकाच जागी येतात आणि मोठा लहानाला झाकतो. माझ्याकडे मागितलेला ‘स्वच्छ ट्रॅक’ हा माहितीच्या दृष्टीने मूळ फाइलीपेक्षा गरीब होता, तो कितीही नीट केला तरी.

दुसऱ्या फेरीत इफेक्ट नाही वापरला. तोडलेले दोन मूळ ट्रॅक परत घेतले आणि मूळ स्टिरिओ फाइल हेडफोनवर सुरुवातीपासून ऐकत गेले. साहेबांचा प्रत्येक प्रश्न आला की थांबायचं, डाव्या कानात काही आहे का बघायचं. नसेल तर आजींच्या ट्रॅकवर तेवढा तुकडा एन्व्हलप टूलने १२ डेसिबल खाली, दोन्ही टोकांना ८०-१०० मिलिसेकंदांचा उतार देऊन. असेल तर त्या जागी हात लावायचा नाही, आणि लेबल टाकून ठेवायचं.

१२ डेसिबलच का, हा आकडा वरच्या हिशेबातूनच येतो. आजींचा ट्रॅक ८ डेसिबल उचलल्यावर ब्लीड साहेबांच्या आवाजाच्या ३ खाली होता. आणखी १२ खाली नेला की फरक १५चा होतो, आणि मग ते खड्डे दीड-पावणेदोन डेसिबलच्या आत राहतात, डब्याचा आवाज जातो. याहून खाली न्यायचं कारण नाही, आणि न नेण्याचं कारण आहे : पंखा. तो दोन्ही माइकमध्ये उणे ५२च्या आसपास सतत होता. आजींचा ट्रॅक पूर्ण शांत केला की त्यांच्यापुरता पंखा बंद होतो आणि त्या बोलायला लागल्या की पुन्हा सुरू होतो. प्रत्येक उत्तराआधी खोलीने श्वास घेतल्यासारखं वाटतं. ब्लीड लोकांना टोचत नाही इतका हा श्वास टोचतो. त्यामुळे १२ने उतरवल्यावरही पंख्याचा थोडा चढउतार उरतोच, तो कमी करायला आधीच दोन्ही ट्रॅकवर हलका नॉइज रिडक्शन दिला, ६ डेसिबलचाच. नमुना प्रत्येक ट्रॅकचा त्याच ट्रॅकमधून घेतला, सुरुवातीला माइक लावल्यावर दोघंही गप्प बसलेल्या चार सेकंदांतून. १२ किंवा त्याहून जास्त दिला असता तर आजींच्या हळू शब्दांना तोच बुडबुडा आला असता जो एमपी३मध्ये होता.

सुमारे दीडशे प्रश्न होते आणि साडेपाच तास लागले. लेबलं पडली १४. त्यातली नऊ नुसते ‘हं’ किंवा ‘हो ना’. दोन ठिकाणी सुस्कारा. एका ठिकाणी आतल्या कुणाला तरी ‘चहा टाक गं’. एका ठिकाणी साहेबांनी गिरणीचं नाव चुकवलं आणि आजींनी त्यांच्या बोलण्याखालीच दुरुस्त केलं, जे त्यांना तेव्हा ऐकू गेलं नव्हतं. आणि एक ‘नाही’. ‘हं’ गेल्याने मजकुराचं काही बिघडलं नसतं, पण कुठला आवाज ‘हं’ आहे आणि कुठला गिरणीचं नाव, हे इफेक्टला कळत नाही, कमांडला कळत नाही, आणि एका कानाने ऐकणाऱ्या माणसालाही फारसं कळत नाही.

आता मी तीन गोष्टी देते आणि कोणती कशासाठी ते फाइलीच्या नावातच लिहिते. मूळ स्टिरिओ, अजिबात हात न लावलेली, संग्रहासाठी. तीच पुन्हा लेखनिकासाठी, हेडफोन लावूनच ऐकण्याच्या सूचनेसह, फक्त डाव्या बाजूची पातळी उचललेली. बाजू वेगळ्या राहतात आणि लहान आवाज वर येतो, एवढंच त्याला लागतं.

```
ffmpeg -i mulakhat.wav -af "pan=stereo|c0=2.5*c0|c1=c1" -c:a pcm_s24le lekhanik.wav
```

अडीचपट म्हणजे ८ डेसिबल. आजी कुठे हसल्या किंवा ओरडल्या तर लाट वरती कापली जात नाही ना हे एकदा बघून घ्यायचं. इथे त्यांचा सगळ्यात मोठा आवाज उणे ११वर होता, त्यामुळे जागा होती. आणि तिसरे ते दोन मोनो ट्रॅक, फक्त कार्यक्रम जोडणाऱ्यासाठी. जोडतानाही दोघांना अगदी मध्यावर न ठेवता आजींना जरा डावीकडे आणि साहेबांना जरा उजवीकडे ठेवा, असं मी सुचवलं. पूर्ण बाजूला टाकले तर मोबाइलच्या एका इअरफोनवर ऐकणाऱ्याला अर्धी मुलाखत मिळेल, पण थोडंसं सरकवल्याने तो एक शब्द पुन्हा आपल्या जागेवर येतो.

मजकूर दुरुस्त झाला. कार्यक्रम जोडणाऱ्याने मात्र परवा विचारलं, की १ तास ७ मिनिटांवर साहेबांचं ‘आणि’ जरा डब्यातून आल्यासारखं वाटतंय, तेवढं काढता येईल का. येईल. आजींचा ट्रॅक तिथे पाव सेकंद १२ डेसिबल खाली केला की झालं. ते तसंच ठेवा, असं मी त्याला कळवलंय, आणि त्या जागेचं लेबलही फाइलीत राहू दिलंय.